राजीनाम्याच्या दिवशी ईसॉपचं काय होतं?

स्टार्टअपच्या ऑफरमध्ये पगाराच्या आकड्याखाली हल्ली आणखी एक ओळ असते: ‘20 लाख रुपयांचे ईसॉप’. रिक्रूटर फोनवर दोन्ही आकडे मिळवूनच सांगतो. पगार 24 लाख, ईसॉप 20 लाख, म्हणजे पॅकेज 44 लाख. बेरीज बरोबर आहे, पण पगार एका वर्षाचा आणि ईसॉप चार वर्षांचे. शिवाय पगार बँकेत जमा होतो. ईसॉपचं तसं नसतं, त्यासाठी उलट आपल्यालाच पैसे भरावे लागतात.

ईसॉप म्हणजे शेअर नव्हेत. ठरलेल्या भावाने, ठरलेल्या मुदतीत, कंपनीचे शेअर विकत घेण्याचा तो हक्क आहे. ठरलेल्या भावाला एक्सरसाइज प्राइस म्हणतात. हा हक्क पहिल्या दिवशी हाती पडत नाही, नोकरीत राहाल तसा तो हप्त्याहप्त्याने पक्का होतो. यालाच व्हेस्टिंग म्हणतात. इन्फोसिसच्या शेअरमुळे साध्या कर्मचाऱ्यांची घरं झाल्याच्या कथा आपण ऐकलेल्या असतात. पण ती कंपनी 1993 सालीच शेअर बाजारात आली होती आणि तिचा शेअर कुणालाही विकता येत होता. बहुतेक स्टार्टअप बाजारात नोंदलेले नसतात. त्यांचा शेअर घेतला तरी विकायचा कुणाला, हा प्रश्न उरतोच.

आता ते 20 लाख उलगडून पाहू. समजा, तुम्हाला 4,000 ऑप्शन मिळणार आहेत आणि गेल्या फेरीत गुंतवणूकदाराने एका शेअरला 500 रुपये मोजले. 4,000 गुणिले 500, झाले 20 लाख. पण एक्सरसाइज प्राइस 200 रुपये असेल तर 20 लाखांच्या शेअरसाठी तुम्ही 8 लाख भरणार. म्हणजे आजचा फायदा जास्तीत जास्त 12 लाख. जास्तीत जास्त म्हणायचं कारण असं की गुंतवणूकदाराचे शेअर सहसा वेगळ्या जातीचे असतात. कंपनी स्वस्तात विकली गेली तर आधी त्याचे पैसे सुटतात, उरलं तर साध्या शेअरवाल्यांना. काही कंपन्या एक्सरसाइज प्राइस फक्त एक किंवा दहा रुपये ठेवतात. तिथे चित्र पुष्कळ बरं असतं.

म्हणून रुपयांतला आकडा बाजूला ठेवून आधी तीन गोष्टी विचाराव्यात: ऑप्शन किती, एक्सरसाइज प्राइस किती, आणि अजून न वाटलेल्या ऑप्शनांसकट कंपनीचे एकूण शेअर किती. तिसऱ्या उत्तराशिवाय 4,000 या आकड्याला अर्थ नाही. एकूण शेअर 1 कोटी असतील तर तुमचा वाटा 0.04 टक्के होतो. 10 कोटी असतील तर त्याचा दहावा भाग.

व्हेस्टिंगचा सर्वांत रूढ प्रकार चार वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी काहीच नाही, वर्ष भरलं की 25 टक्के एकदम, मग उरलेले दरमहा, दर तिमाहीला किंवा दरवर्षी. पहिल्या कोरड्या वर्षाला क्लिफ म्हणतात. गोंधळ होतो तो हे वर्ष कधीपासून मोजायचं यावर. ऑफर लेटरमध्ये बहुधा एवढंच लिहिलेलं असतं की संचालक मंडळाच्या मंजुरीनंतर ऑप्शन दिले जातील. तुम्ही 1 जूनला रुजू झालात आणि मंडळाची मंजुरी 10 सप्टेंबरला मिळाली, तर ग्रँटची तारीख 10 सप्टेंबर. कंपनी कायद्याच्या नियमांनुसार ग्रँट आणि पहिलं व्हेस्टिंग यांत किमान एक वर्ष जावंच लागतं. पुढच्या जुलैत ‘वर्ष झालं’ म्हणून तुम्ही बाहेर पडलात तर हातात एकही ऑप्शन नसेल. इथे एचआरला मनात असूनही काही करता येत नाही. त्यामुळे विचारायचं ते आधीच: ग्रँट लेटर रुजू झाल्यावर साधारण किती दिवसांत मिळतं?

दुसरी खाच नोटीस पीरियडची. आपल्याकडे दोन-तीन महिन्यांची नोटीस सर्रास असते. त्या काळात व्हेस्टिंग चालू राहतं की राजीनामा दिल्याच्या दिवशी थांबतं, हे कंपनीच्या योजनेत लिहिलेलं असतं आणि ते सगळीकडे सारखं नसतं. तिमाही व्हेस्टिंग असेल तर या एका वाक्यावर एखादा पूर्ण हप्ता अवलंबून असतो.

खरी परीक्षा मात्र नोकरी सोडल्यावर सुरू होते. व्हेस्ट न झालेले ऑप्शन राजीनाम्याबरोबर रद्द होतात, हे नियमातच आहे. व्हेस्ट झालेले तुमचे, पण कंपनीने ठरवलेल्या मुदतीत ते विकत घेतलेत तरच. ही मुदत पुष्कळ ठिकाणी 90 दिवसांची असते. अमेरिकेत एका प्रकारच्या ऑप्शनवरची करसवलत टिकवायची तर नोकरी सोडल्यापासून तीन महिन्यांत शेअर घ्यावे लागतात, म्हणून तिकडे हा आकडा रूढ झाला. आपल्या कायद्यात असं कुठलंच बंधन नाही. कंपनी मुदत 30 दिवसही ठेवू शकते आणि कित्येक वर्षंही.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. ग्रँटनंतर अडीच वर्षांनी तुम्ही नोकरी सोडता. पहिल्या वर्षाचे 1,000 आणि पुढच्या सहा तिमाहींचे 250 प्रमाणे 1,500, असे 2,500 ऑप्शन व्हेस्ट झालेत. ते घ्यायला 200 रुपयांनी 5 लाख रुपये लागतील. इथवर बहुतेकांनी हिशेब केलेला असतो. नंतर येतो आयकर. ज्या दिवशी तुम्ही शेअर घेता त्या दिवशीचं त्यांचं बाजारमूल्य आणि तुम्ही भरलेली किंमत यांतला फरक पगाराचं उत्पन्न धरला जातो. नोंदणी नसलेल्या कंपनीचं हे मूल्य मर्चंट बँकर ठरवतो. ते 700 रुपये निघालं असं धरू. फरक शेअरमागे 500 रुपये, म्हणजे एकूण 12.5 लाख. तोवर तुमचा पगार 28 लाखांवर गेला असेल, तर नव्या करप्रणालीच्या 2025-26 च्या दरांनी या सगळ्या रकमेवर 30 टक्के कर आणि वर उपकर लागतो. म्हणजे 3 लाख 90 हजार. कंपनी हा टीडीएस कापते, आणि पगार थांबलेला असेल तर तेवढे पैसे तुमच्याकडून मागून घेते.

म्हणजे 90 दिवसांत 8 लाख 90 हजार रुपये उभे करायचे, आणि तेही आज विकता न येणाऱ्या शेअरसाठी. नाही जमलं तर अडीच वर्षांत कमावलेले सगळे ऑप्शन संपले. जमलं आणि पुढे कंपनी बुडाली, तर पगारावरचा म्हणून भरलेला कर परत मिळत नाही. तोटा भांडवली तोटा म्हणून दाखवता येतो, पण तो पगारातून वजा होत नाही. कागदावर 12.5 लाखांचा फायदा दिसत असूनही कित्येक जण ऑप्शन सोडून देतात ते यामुळेच. त्यात मूर्खपणा काही नाही, पुष्कळदा तोच शहाणा निर्णय असतो.

‘स्टार्टअपना करात सूट आहे’ हे वाक्यही कानावर येईल. 2020 सालच्या वित्त कायद्याने सवलत दिली ती कर पुढे ढकलण्याची, माफीची नव्हे. तीही सरकारच्या आंतर-मंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र मिळालेल्या ठरावीक स्टार्टअपनाच लागू आहे. मुख्य म्हणजे, नोकरी सोडली की ढकललेला कर लगेच देय होतो. ज्या दिवसाची आपण चर्चा करतोय, नेमक्या त्याच दिवशी ही सवलत संपते.

मग रिक्रूटरला विचारायचं कसं? पहिल्या मुलाखतीत हा विषय काढू नये. ऑफर हातात आल्यावर, सही करण्याआधी, मेलवर विचारावं. फोनवरचं ‘डोंट वरी, स्टँडर्ड आहे’ नंतर कुणाला आठवत नाही. मेल साधाच असू द्या:

‘नमस्कार मॅडम, ऑफरबद्दल आभार. निर्णय घेण्याआधी ईसॉपबद्दल थोडी माहिती हवी होती. व्हेस्टिंग रुजू झाल्यापासून मोजलं जाईल की ग्रँटच्या तारखेपासून? नोटीस पीरियडमध्ये ते चालू राहतं का? नोकरी सोडल्यावर व्हेस्ट झालेले ऑप्शन घ्यायला किती मुदत मिळते? कंपनीने आजवर कधी बायबॅक केला आहे का, आणि त्यात नोकरी सोडलेल्यांना भाग घेता आला होता का? ईसॉप योजनेची प्रत पाहायला मिळाली तर बरं होईल.’

यात आगाऊपणा काही नाही. रिक्रूटरला सगळी उत्तरं ठाऊक नसतील, तो फायनान्स किंवा कंपनी सेक्रेटरीला विचारून सांगेल, आणि ते रास्तच आहे. पण ‘दोन वर्षांत शेअर चौपट होईल’ हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. योजनेची प्रत मिळाली तर दोन जागा आधी वाचा. एक, गैरवर्तनाच्या कारणावरून काढल्यास व्हेस्ट झालेले ऑप्शनही जप्त होतात का, आणि त्या ‘कारणा’त काय काय धरलंय. काही योजनांत प्रतिस्पर्धी कंपनीत जाणंही त्यात बसवलेलं असतं. दुसरी, तुम्ही घेतलेले शेअर परत विकत घेण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवलाय का, आणि कोणत्या भावाने. कर्मचाऱ्याचा नोकरीत असताना मृत्यू झाल्यास त्याला दिलेले सगळे ऑप्शन वारसांकडे जातात, हे नियमातच आहे. रुजू झाल्यावर नामनिर्देशन तेवढं भरून टाकावं.

घासाघीस कशावर होऊ शकते, याचीही कल्पना असावी. नोकरी सोडल्यानंतरची मुदत सगळ्यांसाठी एकच असते, ती एका उमेदवारासाठी सहसा बदलत नाहीत. ऑप्शनची संख्या आणि रोख पगार मात्र बदलू शकतो. मुदत 30 किंवा 90 दिवसांची असेल आणि चार वर्षं टिकण्याची खात्री नसेल, तर जास्त ऑप्शन मागण्यापेक्षा पगार वाढवून मागावा. मुदत पाच-सात वर्षांची असेल किंवा एक्सरसाइज प्राइस नाममात्र असेल, तर थोडा कमी पगार घेऊन ऑप्शन घेण्यात अर्थ आहे.

आणि सही करण्याआधी योजनेची प्रत किंवा तिच्यातल्या अटी लेखी मिळतच नसतील, तर ईसॉपची किंमत शून्य धरा आणि उरलेल्या 24 लाखांवर ती नोकरी घ्यावीशी वाटते का, एवढंच ठरवा.