माइक एक, दावेदार दोन

भाच्याच्या पहिल्या लाइव्हला आम्ही घरचे सहा जण प्रेक्षक होतो. कोपऱ्यातल्या चौकोनात त्याचा चेहरा दिसत होता, ओठ हलत होते, गोळ्यांचे आवाजही येत होते. फक्त तो काय बोलतोय ते ऐकू येत नव्हतं. त्याच्या आईने तीनदा फोन केला; पोरगं खेळात इतकं गुंतलेलं, की उचललाच नाही.

माइक बिघडला नव्हता. खेळाचा आवाज आणि बोलणाऱ्याचा आवाज या अँड्रॉइडच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी. अँड्रॉइड 10 पासून स्ट्रीमिंग ॲपला खेळाचा आवाज फोनच्या आतूनच उचलता येतो, मात्र खेळ बनवणाऱ्यांनी तशी मुभा ठेवलेली हवी. माइकचं तसं नाही. दोन ॲपनी एकाच वेळी माइक मागितला, तर तो सहसा एकालाच मिळतो. दुसऱ्याला नकार मिळत नाही, नुसती शांतता मिळते. भाच्याने सवंगड्यांशी बोलायला खेळातला व्हॉइस चॅट चालू ठेवला होता. आवाज तिकडे गेला आणि स्ट्रीमच्या वाट्याला शांतता आली.

दुसऱ्या दिवशी त्याने खेळातला माइक बंद केला. आता प्रेक्षकांना तो ऐकू येऊ लागला, सवंगड्यांना नाही. त्यांच्याशी तो खेळातल्या तयार संदेशांवर भागवतो. एका फोनवर ही तडजोड करावीच लागते. त्यांचं बोलणंही आतून उचललं जात नाही. स्पीकर चालू ठेवला तर माइकमधून येतं, पण मग खेळाचा आवाजही दोन वाटांनी पोहोचतो आणि घुमल्यासारखा होतो. म्हणून भाचा तारेचा हेडफोन लावतो.

चेहऱ्याच्या चौकोनासाठी ‘इतर ॲपवर दिसण्याची’ परवानगी लागते. क्रमही महत्त्वाचा: आधी स्ट्रीमिंग ॲपमध्ये कॅमेरा आणि माइक चालू करायचे, मगच खेळ उघडायचा. मागे गेलेल्या ॲपला नव्याने कॅमेरा सुरू करू द्यायला अँड्रॉइड सहसा तयार नसतं. बॅटरी वाचवण्याच्या यादीतूनही ते ॲप वगळावं, नाहीतर ऐन लढाईत फोन ते बंद करून टाकतो.

आता डेटाचं. 720p चित्र सेकंदाला अडीच मेगाबिटने पाठवलं, तर तासाला साधारण 1.1 जीबी जातो. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर सव्वा तासात खेळ खलास. शिवाय खेळ, कॅमेरा, चित्राचं एन्कोडिंग आणि अपलोड एकदम चालल्याने फोन तापतो, आणि तापला की स्वतःच वेग उतरवतो. खेळ अडखळायला लागला की भाचा आधी मागचं कव्हर काढतो, मग चार्जर.

हल्ली तो सुरुवातीला दोन मिनिटांचा स्ट्रीम ‘अनलिस्टेड’ ठेवून करतो आणि लिंक आईला पाठवतो. “ऐकू येतंय का गं?” तिचं “हो” आलं की मग खरा लाइव्ह सुरू.