खंडन आधी, भाषण नंतर

सूचनाफलकावरच्या कागदाचा फोटो मोबाइलवर आला की विषय वाचण्याआधी कागदाच्या चारही कडा बघाव्यात. नववीतल्या भाचीने पाठवलेल्या फोटोत विषय ठळक दिसत होता : ‘पाचवी व आठवीत अनुत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याच वर्गात ठेवावे.’ तिच्या वाट्याला प्रतिकूल बाजू, वेळ तीन मिनिटं. खालची ओळ मात्र कापली गेली होती. पुन्हा फोटो मागवला तेव्हा कळलं, की सगळ्यांची भाषणं झाल्यावर खंडनासाठी वेगळं एक मिनिट आहे. त्या एका ओळीने तयारीचा क्रमच उलटा होतो. आधी खंडन लिहायचं आणि मग भाषण.

पण त्याहीआधी ठराव नीट वाचायचा. परीक्षा असावी की नसावी, हा इथे प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याचा. प्रतिकूल बाजूची बरीच मुलं परीक्षेच्या ताणावर बोलत राहतात आणि समोरचा एका वाक्यात त्यांना विषयाबाहेर काढतो. म्हणून भाचीला पहिलंच वाक्य दिलं : ‘परीक्षा जरूर घ्या, माझा विरोध निकालानंतर जे करता त्याला आहे.’ निम्मा हल्ला तिथेच बोथट होतो.

मग कायदा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या सोळाव्या कलमाने आठवीपर्यंत कुणालाही त्याच वर्गात ठेवायला मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाल्यास जादा शिकवणी, निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा, आणि त्यातही नापास झाल्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने ती २०२३ मध्ये स्वीकारली. अनुकूल बाजू म्हणणारच, ‘फेरपरीक्षेची संधी दिलेलीच आहे.’ त्यावर भाचीचा प्रश्न तयार हवा : वर्षभरात जे वाचायला आलं नाही, ते दोन महिन्यांत कोण आणि कसं शिकवणार? आणि तरीही आलं नाही, तर त्याच वर्गात, त्याच पुस्तकातून, त्याच पद्धतीने पुन्हा शिकवून काय बदलणार?

समोरच्याचा सगळ्यात जड मुद्दा मात्र वेगळा आहे : ‘नापास करणं बंद झालं आणि मुलांचं वाचन गेलं.’ पुरावा म्हणून येणार ‘असर’ची पाहणी. ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावणारी ही पाहणी आहे. २०१८ मध्ये देशातल्या ग्रामीण पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. आकडा खरा आहे. तो नाकारायला गेलात तर परीक्षकांसमोर विश्वास गमावाल. त्याला उत्तर त्याच पाहणीत आहे. २००९ मध्ये, म्हणजे कायदा लागू होण्याआधीही, प्रमाण निम्म्याच्या आसपासच होतं.

भाची हरखली. ‘मावशी, मग धोरणाने काहीच बिघडलं नाही असं म्हणू?’

नाही. २०१० नंतरची दोनेक वर्षं हा आकडा आणखी घसरला होता, आणि अभ्यासू प्रतिस्पर्धी ती वर्षं बरोबर काढेल. म्हणून दावा पुराव्याला पेलेल एवढाच ठेवायचा. आम्ही मिळून लिहिलेलं खंडन असं झालं :

‘माझ्या स्पर्धक मित्राने सांगितलेला आकडा मला मान्य आहे. पण कायदा येण्याआधीही जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नव्हता. म्हणजे दुखणं धोरणाहून जुनं आहे. कायद्यानंतर ते वाढलं असेल, तर त्यावर उपाय म्हणजे वाचनात मागे पडलेलं मूल तिसरीतच ओळखणं. पाचवीपर्यंत वाट बघून त्याला मागे बसवणं हा उपाय नव्हे. ते आपल्या उशिराचा दंड मुलाकडून वसूल करणं आहे.’

हे पन्नासेक शब्द आहेत. सावकाश, अर्थ पोचवत बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, त्यामुळे फेरपरीक्षेच्या मुद्द्यालाही जागा उरते. खंडनात दोन मुद्दे पुरे. तिसरा घातला की घंटेच्या धाकाने तिन्ही अर्धवट राहतात.

खंडन ठरल्यावर तीन मिनिटांचं भाषण सोपं गेलं. ‘असर’चा आकडा आम्ही भाषणात मुद्दाम घेतला नाही. प्रतिकूल वक्त्याने तो स्वतःच काढला तर समोरच्याच्या हातात आयता पुरावा जातो. त्याऐवजी तिसरीतली मदत हा मुद्दा भाषणाच्या मधोमध ठेवला, म्हणजे खंडनात तो नव्याने उपटल्यासारखा वाटत नाही. अनेक स्पर्धांत खंडनात नवा मुद्दा आणल्यास गुण कापतात. खंडन पोस्टकार्डाएवढ्या दोन कागदांवर लिहिलं, एका कागदावर एकच मुद्दा. समोरच्याने वाचनाचा मुद्दा काढलाच नाही, तर तो कागद उलटा ठेवायचा आणि त्याने खरोखर जे म्हटलं त्याचं एक वाक्य कोऱ्या बाजूवर टिपून घ्यायचं.