मी थकले की मी थकलो?

आज बोलायचं आहे ते एका छोट्या पत्रकाबद्दल. इथे उत्तनला आमच्या गटाकडे बायकांच्या रक्ततपासणीचं पत्रक आलं. मूळ मजकूर इंग्रजीत होता. त्यावर एका बाईचं चित्र आणि तिच्या तोंडी दोन वाक्यं: मी थकले आहे, आणि शुक्रवारी मी येईन. कुणीतरी घाईत मराठी केलं आणि छापून आलं, "मी थकलो आहे. मी शुक्रवारी येतो."

छपाईत चित्र काळंकुट्ट झालेलं, चेहरा काही दिसेना. वाळत घातलेल्या बोंबलांपाशी बसून आम्ही ते वाचलं. एक काकी म्हणाल्या, "हे होडीवरच्या खलाश्यांसाठी दिसतंय." पत्रकं पुरुषांच्या हाती गेली. शुक्रवारी तपासणीला आमच्यातल्या दोघीच गेल्या.

चूक करणारा इंग्रजीत कच्चा नव्हता. इंग्रजीत 'मी थकले' आणि 'मी थकलो' यांना एकच वाक्य आहे. बोलणारी बाई की पुरुष, हे त्यातून कळतच नाही. मराठीत आणताना ते कुणाला तरी ठरवावं लागतं, आणि ठरवलं नाही तर बहुतेक वेळा हात आपोआप 'थकलो'कडेच जातो.

असं का होतं ते बघा. आपण म्हणतो दमलेला माणूस, दमलेली बाई. 'थकलो-थकले' हे रूप मुळात असंच, विशेषणासारखं आहे, म्हणून ते माणसाप्रमाणे बदलतं. 'येतो-येते'चंही तसंच. 'येईन' मात्र दुसऱ्या घराण्यातलं. त्याला स्त्री-पुरुष माहीत नाही. आजोबाही 'येईन' म्हणतात, नातही 'येईन' म्हणते. 'मी येणार आहे' हेही दोघांना चालतं. हिंदीत उलट आहे: तिथे बाई 'आऊँगी' म्हणते आणि पुरुष 'आऊँगा'. हिंदी मालिका ऐकून कुणाला वाटतं, मराठीतही भविष्यकाळ बदलत असेल. तो बदलत नाही.

म्हणजे पत्रकातलं दुसरं वाक्य 'मी शुक्रवारी येईन' असं लिहिलं असतं तर तिथे प्रश्नच उरला नसता. 'येते' चुकीचं नाही. निघताना आपण 'येते हं' म्हणतोच, आणि पक्कं ठरलेलं सांगतानाही 'शुक्रवारी येते' म्हणतो. पण छापील कागदावर, बाई-पुरुष दोघं वाचणार असतील तर 'येईन' बरं.

पहिल्या वाक्याला वळसा घालता येतो: "मला थकवा येतो." इथे क्रियापद 'थकवा' या शब्दामागून चालतं, म्हणून कुणीही म्हटलं तरी तेच राहतं. पण हे पत्रक बायकांचंच होतं, तेव्हा माझ्या मते सरळ 'मी थकले आहे' हवं होतं. ते वाचताच आपल्यातलीच कुणी बोलतेय असं वाटतं.

आता एक गंमत, कारण इथेच माणूस फसतो. बाजारातून आलेली बाई म्हणते, "मी बोंबील विकले आणि थकले." दोन्हीकडे 'ले', पण कारणं वेगळी. तिचा नवरा म्हणेल, "मी बोंबील विकले आणि थकलो." 'विकले' तसंच राहिलं, कारण ते बोंबलांकडे बघून झालंय. कोळंबी असेल तर दोघंही म्हणतील, "मी कोळंबी विकली." तेव्हा बाईचं वाक्य करायचं म्हणून दिसेल तिथे 'ली' आणि 'ले' लावत सुटू नका. तेच वाक्य आधी घरच्या पुरुषाच्या तोंडी घालून बघा. क्रियापद बदललं तर ते बोलणाऱ्यावर अवलंबून आहे. न बदललं तर हात लावायचा नाही.

अजून एक. सगळा गट मिळून बोलत असेल तर 'आम्ही थकलो, आम्ही येतो' हेच बरोबर, सगळ्या बायका असल्या तरी. आमच्या दुसऱ्या पत्रकात एकीने काळजीपोटी 'आम्ही थकले' केलं होतं, ते मी परत बदललं.

बोलीचं म्हणाल तर तिला पुस्तकाचं माप लावू नये. मुंबईकडे कित्येक जणी 'मी थकली' म्हणतात. कोल्हापूरकडच्या बायका सर्रास 'मी येतो, मी जातो' म्हणतात, आणि तिथे कुणाचा गोंधळ होत नाही, कारण बोलणारी समोर असते. कागदावर ती समोर नसते, म्हणून तिथे शब्दावर भार येतो.

नव्या पत्रकावर आम्ही लिहिलं, "मी थकले आहे. मी शुक्रवारी येईन." छापायला देण्याआधी ते काकींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ही बाई कोण गं, आपल्या पालीची का?"