नोंदणीपत्रकात काय विचारावे, काय विचारू नये

समाजाच्या सभागृहात होणाऱ्या छोट्या कार्यशाळेचे नोंदणीपत्रक बहुधा एखाद्या जुन्या पत्रकाची नक्कल असते. पूर्ण नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, पत्ता, गोत्र, वडिलांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, रक्तगट, ईमेल असे पंधरा-वीस रकाने त्यात असतात. त्यांतील निम्म्यांचा पुढे उपयोग होत नाही. मात्र ते भरताना पालक कंटाळतात, ‘नंतर भरू’ म्हणतात आणि राहून जाते. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो आपण गोदामात भरत नाही. माहितीच्या बाबतीत मात्र हा व्यवहार विसरला जातो.

एक उदाहरण घेऊ. दुकानात बसू लागलेल्या नववी ते बारावीच्या मुलामुलींसाठी वही आणि बिल लिहिण्याची एक दिवसाची कार्यशाळा आहे. जागा तीस, वेळ सकाळी दहा ते दुपारी चार, दुपारचे भोजन तेथेच. पत्रकातील प्रत्येक प्रश्नापुढे संयोजकाने एकच गोष्ट लिहावी: या उत्तरामुळे माझे कोणते काम बदलेल? काम सांगता आले नाही, तर प्रश्न खोडावा.

जन्मतारीख या कसोटीवर गळते. गट पाडायचे आहेत ते इयत्तेवरून. म्हणून इयत्ताच विचारावी. पत्ता गळतो, कारण टपालाने काहीही पाठवायचे नाही. आधार क्रमांकाने कोणते काम होणार, हे कोणालाच सांगता येणार नाही. गोत्र आणि उत्पन्न यांचा हिशेब शिकण्याशी संबंध नाही. नाव ठेवावे, कारण प्रमाणपत्रावर ते छापायचे आहे. म्हणून ‘प्रमाणपत्रावर जसे हवे तसे नाव’ असेच शब्द असावेत. मोबाइल क्रमांक पालकांचा घ्यावा, मुलाचा नव्हे. वेळ बदलली किंवा मुलाची प्रकृती बिघडली, तर बोलायचे ते त्यांच्याशीच.

सर्वांत अधिक विचार करावा लागतो तो भोजनाच्या प्रश्नाचा. ‘आपण जैन भोजन घेता काय?’ असे विचारण्यात अर्थ नाही, कारण स्वयंपाक जमीकंदाविनाच होणार आहे. चौविहाराचाही प्रश्न नको, कार्यक्रम चार वाजताच संपतो. त्या दिवशी चतुर्दशी असेल, तर हिरव्या भाजीऐवजी कडधान्य करावे हे पंचांग पाहून महाराजाला सांगता येते. त्यासाठी तीस घरांना विचारण्याचे कारण नाही. पण एकासना, आयंबिल किंवा उपवास कोणाचा आहे, हे विचारल्यावाचून कळत नाही आणि त्यावरून काम निश्चित बदलते. आयंबिल असेल तर तूप, तेल, दूध, साखर यांविना वेगळे रांधावे लागते. एकासना असेल तर एकाच बैठकीत भोजन पूर्ण होईल अशी वेळ आणि जागा ठेवावी लागते. उकळलेले पाणी तर तिघांनाही लागते. येथे मोकळी जागा दिली, तर ‘हो’, ‘जैन’, ‘चालेल’ अशी उत्तरे येतात आणि स्वयंपाकघरात त्यांचा काहीच उपयोग होत नाही. म्हणून पर्याय द्यावेत: नेहमीचे, एकासना, आयंबिल, उपवास. शेवटी एक ऐच्छिक ओळ असावी: ‘आजार, एखाद्या पदार्थाची ॲलर्जी अशी काही बाब आम्हास ठाऊक असावी काय?’

अशा रीतीने पाच प्रश्न उरतात. पत्रक कागदावर असो वा गूगल फॉर्म्सवर, प्रश्न हेच. फॉर्मवर मात्र दोन गोष्टी पाहाव्यात. Limit to 1 response ही सोय चालू ठेवली, तर गूगल खात्यात प्रवेश करावा लागतो आणि एका खात्यावरून एकच नोंद होते; दोन मुलांची नावे एकाच मोबाइलवरून भरणारी आई तेथेच अडते. View results summary चालू राहिले, तर इतरांनी दिलेली उत्तरे भरणाऱ्याला दिसू शकतात. दोन्ही बंद असावीत.

कायद्याचाही रोख हाच आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या सहाव्या कलमात उदाहरण आहे ते दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपचे: त्याने मोबाइलमधील क्रमांकांची यादीही मागितली आणि वापरणारीने होकार दिला, तरी त्या सेवेला यादीची गरज नसल्याने तो होकार सल्ल्यापुरताच धरला जातो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणून पत्रक पालकांनीच भरावे आणि माहिती कशासाठी घेतली हे त्यावर एका वाक्यात लिहावे.

पुढील कार्यक्रमांचे संदेश पाठवायचे असतील, तर त्यासाठी वेगळी, ऐच्छिक खूण करण्याची जागा द्यावी. नोंदणी झाली म्हणून क्रमांक परस्पर समाजाच्या गटात घालू नये. नोंदणी तीन दिवस आधी थांबवावी. महाराजाला केवळ आकडे द्यावेत, नावे नकोत: नेहमीचे पंचवीस, एकासना तीन, आयंबिल एक, उपवास एक. प्रमाणपत्रे वाटून झाली, की आठवड्याभरात यादी पुसून टाकावी आणि कागदी पत्रके फाडावीत. त्या कामाला आधीच एका व्यक्तीचे नाव ठरवून ठेवावे.