काळा रंग आला म्हणजे एमडीएमए? रंगचाचणीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

बेंगळुरूत सेंट्रल क्राइम ब्रँचने किंवा एनसीबीने छापा टाकला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'इतके ग्रॅम एमडीएमए जप्त' अशी बातमी येते. त्या वेळी त्या पुडीला एमडीएमए म्हणायला आधार असतो तो बहुतेकदा खबऱ्याच्या माहितीचा आणि जागेवर केलेल्या रंगचाचणीचा. मडिवाळा इथल्या न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल नंतर येतो. दुसरीकडे, कोरमंगला किंवा मारथहळ्ळीच्या पीजीत राहणाऱ्या मुलांमध्ये असा एक समज आहे की चाचणीची छोटी बाटली जवळ असली की गोळी 'चेक करून' घेता येते. पोलीस आणि ही मुले एकाच रसायनावर विसंबून असतात, आणि ते रसायन नेमके काय सांगते हे दोघांपैकी बऱ्याच जणांना माहीत नसते.

सगळ्यात जास्त वापरले जाणारे द्रावण म्हणजे मार्क्विस. एदुआर्द मार्क्विस यांनी ते 1896 मध्ये, आज एस्टोनियात असलेल्या तार्तू विद्यापीठात मांडले, आणि तेही अफूतले मॉर्फिनसारखे घटक ओळखण्यासाठी. संहत सल्फ्युरिक आम्लात थोडे फॉर्माल्डिहाइड, एवढाच त्यातला ऐवज. पांढऱ्या चिनीमातीच्या ताटलीवर टाचणीच्या टोकाएवढी पूड ठेवून त्यावर एक थेंब टाकायचा आणि पहिल्या मिनिटात रंग कसा बदलतो ते पाहायचे. एमडीएमए असेल तर थेंब क्षणात जांभळा आणि मग जवळजवळ काळा होतो. अॅम्फेटामिन किंवा मेथअॅम्फेटामिन असेल तर नारिंगीवरून तपकिरीकडे जातो. हेरॉइन आणि मॉर्फिन जांभळा रंग देतात.

'रंग जुळला, म्हणजे पदार्थ ओळखला.' हा पहिला आणि सर्वांत खोल रुजलेला गैरसमज. थेंबाला एमडीएमए 'दिसत' नाही. त्याला दिसतो तो रेणूचा एक भाग. एमडीएमएच्या रेणूत बेन्झिनचे एक कडे असते आणि त्याला ऑक्सिजनचे दोन अणू जोडलेले असतात. त्यांच्यामुळे कड्यात इलेक्ट्रॉनांची रेलचेल असते. आम्लाच्या मदतीने फॉर्माल्डिहाइड अशा दोन कड्यांना एकमेकांशी जोडते आणि तयार झालेला भारित रेणू गडद रंगाचा असतो. असे कडे असलेले इतर पदार्थही असाच रंग देऊ शकतात. एमडीएमएची जवळची भावंडे एमडीए आणि एमडीईए हीही काळा-जांभळाच रंग देतात. म्हणून काळा थेंब एवढेच म्हणतो की या कुळातले काहीतरी पुडीत आहे. नाव सांगणे त्याच्या ताकदीबाहेरचे आहे.

आम्ल संहत असल्यामुळे आणखी एक घोटाळा होतो. सल्फ्युरिक आम्ल साखरेतले पाणी ओढून घेते आणि साखर करपते; थेंब हळूहळू तपकिरी होत काळवंडतो. अॅस्पिरिनही सावकाश गुलाबी-लाल होते. म्हणूनच पहिल्या मिनिटानंतरचा रंग धरायचा नसतो. अमेरिकेत ऑर्लँडोमध्ये डिसेंबर 2015 मध्ये एका वृद्ध गृहस्थाच्या गाडीत पडलेले डोनटवरच्या साखरेच्या पाकाचे कण पोलिसांच्या किटवर मेथअॅम्फेटामिन ठरले आणि त्याला अटक झाली. प्रयोगशाळेने ते अमली पदार्थ नसल्याचे सांगितले आणि पुढे शहराला त्याला भरपाई द्यावी लागली.

'रंगच आला नाही, म्हणजे नुसती भेसळ आहे, धोका नाही.' इथे मेफेड्रोनचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. मुंबई-पुण्यात 'एमडी' म्हटले की बहुतेकदा मेफेड्रोनच अभिप्रेत असते. बेंगळुरूत तेच नाव एमडीएमएच्या स्फटिकांनाही लावले जाते, त्यामुळे विकणारा आणि घेणारा वेगवेगळ्या पदार्थांबद्दल बोलत असू शकतात. दोन्ही पुड्या पांढऱ्या किंवा पिवळसर असतात. मेफेड्रोनच्या रेणूतही बेन्झिनचे कडे आहे, पण त्याच्याशेजारी किटोन गट बसलेला आहे आणि तो कड्यातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. कडे निरुत्साही होते, फॉर्माल्डिहाइडला दाद देत नाही, आणि मार्क्विसचा थेंब रंगहीन राहतो किंवा फार तर फिकट पिवळा होतो.

आता याच्याशेजारी महाराष्ट्रातले एक प्रकरण ठेवून पाहा. मेफेड्रोन फेब्रुवारी 2015 मध्ये एनडीपीएस कायद्याखाली आले. पुढच्याच महिन्यात मुंबई पोलीस दलातल्या एका हवालदाराच्या सातारा जिल्ह्यातल्या घरातून शंभर किलोहून जास्त पांढरी पूड मेफेड्रोन म्हणून जप्त झाली. राज्यभर खळबळ उडाली. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालात ती पूड अजिनोमोटो, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, असल्याचे निघाले. चायनीज गाडीवर वापरतात ते. ग्लुटामेटच्या रेणूत बेन्झिनचे कडेच नाही, त्यामुळे मार्क्विस त्यावरही गप्प राहतो. म्हणजे एका बाजूला मेंदू आणि हृदय दोन्हींना धक्का देणारे उत्तेजक, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकातली चव वाढवणारी पूड, आणि थेंब दोन्हींवर सारखाच. लिबरमनसारखे दुसरे द्रावण वापरले तर मेफेड्रोन पिवळा रंग देते. पण ते वापरायला हवे हे आधी कुणाच्या तरी लक्षात यावे लागते.

रंगहीन थेंबामागे याहून घातक पदार्थही असू शकतात. पीएमए आणि पीएमएमए हे एमडीएमएच्या गोळ्यांच्या नावाखाली विकले जातात. मार्क्विस त्यांच्यावर रंग दाखवत नाही. त्यांचा परिणाम उशिरा सुरू होतो, त्यामुळे 'गोळी हलकी आहे' असे वाटून माणूस दुसरी घेतो आणि शरीराचे तापमान आवाक्याबाहेर जाते. नॉर्वेमध्ये 2010-11 च्या सुमारास पीएमएमएने 12 जणांचा बळी घेतला. अशा वेळी चाचणीचा खरा उपयोग नकार देण्याचा असतो: एमडीएमए म्हणून दिलेली गोळी काळी झाली नाही, तर ती एमडीएमए नाही, एवढे नक्की म्हणता येते. हा नकार या चाचणीच्या कुठल्याही होकारापेक्षा भक्कम आहे.

'रंग जितका गडद, तितका माल शुद्ध.' हे साफ खोटे आहे. रंग यायला मिलिग्रॅमचा अगदी लहानसा अंश पुरतो. एका गोळीत एमडीएमए 30 मिलिग्रॅम असो की 250, ताटलीवरचा थेंब सारखाच काळा दिसतो. किती आहे, हा प्रश्न या रसायनाला विचारताच येत नाही. शिवाय काळा रंग बाकी सगळे झाकून टाकतो. त्याच गोळीत मेफेड्रोन, कॅफिन किंवा झोपेच्या गोळीची पूड मिसळलेली असेल, तर त्यांचे फिकट पिवळे किंवा रंगहीन उत्तर त्या काळोखात दिसणारच नाही. आणि टाचणीच्या टोकाएवढा कण गोळीच्या एका कडेचा. दुसऱ्या कडेला काय आहे याची तो हमी देत नाही, कारण चोरट्या कारखान्यात मिश्रण एकजीव झालेले नसते.

जास्त बाटल्या वापरल्या तर चित्र थोडे स्पष्ट होते. सायमनचे द्रावण दुय्यम अमाइनवर निळे होते, म्हणून एमडीएमए निळा रंग देते आणि एमडीए देत नाही. एर्लिकचे द्रावण एलएसडीवर जांभळे होते, पण एलएसडी म्हणून विकल्या जाणाऱ्या एनबोम गटातल्या कागदांवर काहीच दाखवत नाही. प्रत्येक बाटली शक्यतांची एकेक रांग खोडत जाते. मात्र फेंटानिल किंवा नायटाझीनसारखे पदार्थ एखाद्या मिलिग्रॅमनेही जीव घेऊ शकतात. इतक्या कमी प्रमाणात, इतर पुडीत मिसळलेले असताना, त्यांचा रंग दिसत नाही. त्यासाठी वेगळ्या प्रकारच्या पट्ट्या असतात, आणि फेंटानिलची पट्टी नायटाझीन पकडत नाही.

बाटलीचेही वय होते. द्रावण उष्णतेत, उजेडात राहिले किंवा बूच सैल राहून त्यात दमट हवा शिरली तर ते स्वतःच पिवळे-तपकिरी पडते. म्हणून आधी कोऱ्या ताटलीवर नुसता थेंब टाकून पाहावा लागतो; तो पाण्यासारखा नसेल तर त्या बाटलीचे पुढचे कुठलेही उत्तर धरण्यात अर्थ नाही. पिवळ्या बल्बखाली नारिंगी आणि तपकिरी यांतला फरकही हरवतो. संहत आम्ल कातडी जाळते, हे वेगळे सांगायला नकोच.

'किटचा निकाल कोर्टात चालतो.' एनडीपीएसच्या कामात रंगचाचणीला जागा आहे, पण प्राथमिक तपासाची. 1989 च्या स्थायी आदेशानुसार सारख्या आकाराच्या, सारख्या खुणांच्या पुड्यांनी सारखा रंग दिला तर दहा-दहाचे गट करून नमुने काढता येत. नमुना साधारण 5 ग्रॅमचा असे. त्या आदेशाची जागा 2022 मध्ये नव्या नियमांनी घेतली. ओळख पटवण्याचे काम प्रयोगशाळेचे. तिथे गॅस क्रोमॅटोग्राफीत मिश्रणातले घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येकाचे तुकडे करून त्यांची वजने मोजतो. तो ठसा ज्ञात नमुन्याशी ताडून पाहिला की नाव ठरते.

नाव ठरण्यावर माणसाचे बरेच काही अवलंबून असते. एमडीएमएसाठी व्यावसायिक प्रमाण 10 ग्रॅम आहे, मेफेड्रोनसाठी 50. म्हणजे 20 ग्रॅमची तीच पुडी एमडीएमए ठरली तर कलम 37 च्या कडक अटींमुळे जामीन अतिशय कठीण. मेफेड्रोन ठरली तर त्या अटी लागू होत नाहीत. आणि हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2020 मध्ये ठरवले की मिश्रणाचे पूर्ण वजन धरायचे, त्यातल्या भेसळीसकट. त्यामुळे किटने चुकीचे नाव दिले, तर अहवाल येईपर्यंतचे दिवस तुरुंगात जाऊ शकतात. घरी चाचणी करणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे की तपासण्यासाठी का होईना, पुडी जवळ असणे हाच आपल्याकडे गुन्हा आहे.

शेवटचा गैरसमज दवाखान्याच्या दारातला. मित्राला त्रास होऊ लागला की सोबतची मुले 'आधी काय घेतले ते नक्की होऊ दे' म्हणून थांबतात, किंवा पोलिसांच्या भीतीने नाव दडवतात. आपत्कालीन विभागातल्या लघवीच्या पट्ट्याही नेहमी उत्तर देत नाहीत; अॅम्फेटामिनची पट्टी मेफेड्रोनला बऱ्याचदा ओळखतच नाही. डॉक्टर म्हणूनच नावाची वाट न पाहता लक्षणांवर काम सुरू करतात: ताप 40 अंशांच्या पुढे गेला असेल तर बर्फ आणि गार पाण्याने शरीर थंड करणे, तडफड आणि झटके आवरायला बेन्झोडायाझेपिन, आणि रक्तातले सोडियम तपासणे, कारण एमडीएमएनंतर भरमसाट पाणी प्यायल्याने ते धोकादायक पातळीपर्यंत उतरते. सोबतच्यांनी सांगायचे ते एवढेच: केव्हा घेतले, किती, काय म्हणून दिले होते, वर दारू किंवा दुसरी गोळी होती का. उरलेली गोळी असेल तर डॉक्टरांना तीही दाखवावी. आणि व्यसनातून बाहेर पडायचे असेल तर 14446 हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक आहे. बेंगळुरूत निम्हान्सचा व्यसनमुक्ती विभागही आहे.