फुली कुठे मारायची?

पुण्यामुंबईच्या बऱ्याच शाळांत पाचवी-सहावीपासून जर्मन किंवा फ्रेंच घेता येतं. पुढे होतं असं, की मूल संध्याकाळी पुस्तक उघडून विचारतं, "बाबा, इथे करायचं काय आहे?" स्वाध्यायाच्या वरची सूचनाही जर्मनमध्येच असते. प्रश्न फक्त सूचनेचा असतो, पण उत्तर देताना पालकांच्या तोंडून अर्धा गृहपाठ निघून जातो. जर्मन न येणारे पालक त्या मानाने बिनधोक असतात. स्वतः दोन-तीन परीक्षा दिलेल्या पालकांना मात्र राहवत नाही.

सूचनेचा अर्थ सांगण्यासाठी नवी वाक्यं शोधावी लागत नाहीत. आपल्या मराठीच्या पाठ्यपुस्तकात ती तयार आहेत. 'एर्गेन्त्से' म्हणजे रिकाम्या जागा भरा. 'ओर्डने त्सू' म्हणजे जोड्या लावा. 'वास पास्ट निश्ट?' म्हणजे गटात न बसणारा शब्द ओळखा. 'आन्टवोर्टे इन गान्त्सेन झेट्सेन' म्हणजे पूर्ण वाक्यांत उत्तरे लिहा. मुलाला हा साचा पहिलीपासून पाठ असतो. तो आठवून दिला की त्याचा हात आपोआप चालायला लागतो.

शब्दकोशात पाहताना एक खाचखळगा आहे. जर्मनमधली काही क्रियापदं वाक्यात फुटतात आणि त्यांचा एक तुकडा थेट शेवटी जाऊन बसतो. 'ओर्डने' एवढंच पाहिलं तर 'क्रम लावा' हा अर्थ हाती येतो, आणि मूल चित्रं-वाक्यांच्या जोड्या लावण्याऐवजी वाक्यांना एक-दोन-तीन असे आकडे घालत बसतं. शेवटचा 'त्सू' उचलून पुढे जोडायचा आणि शब्द 'त्सूओर्डनेन' असा शोधायचा. तसंच 'श्राइबे' म्हणजे लिही, पण शेवटी 'आब' आला की तेच 'पाहून उतरवून काढ' होतं. म्हणून सूचना पूर्णविरामापर्यंत वाचायची. तिथलाच छोटा शब्द कामाचा असतो.

'क्रॉइत्से आन' ही सूचना तर आपल्या मुलांना हमखास फसवते. तिचा शब्दशः अर्थ 'फुली मार' असा आहे. आपल्याकडे फुली म्हणजे चूक. शाळेतल्या बाईंनी लाल पेनाने मारलेली फुली कोण विसरतं? जर्मन पुस्तकात मात्र जे उत्तर बरोबर वाटतं त्याच्या चौकटीत फुली मारायची असते. सूचनेचं भाषांतर अचूक करूनही मूल चुकीच्या पर्यायांवर फुल्या मारून बरोबर पर्याय मोकळा सोडतं, आणि सगळा स्वाध्याय उलटा होतो. इथे 'योग्य पर्याय निवडून त्या चौकटीत × कर' असं सांगायचं. खरोखर काट मारायची असते तेव्हा पुस्तक 'श्ट्रायशे डुर्श' म्हणतं. यात उत्तर फुटत नाही, फक्त खुणेचा घोळ मिटतो.

आता सूचनेखालच्या वाक्यांकडे येऊ. गळती होते ती इथे. त्यांचं भाषांतर करून द्यावं की नाही हे एका प्रश्नावर ठरतं: हा स्वाध्याय अर्थ तपासतोय की रूप? 'कुटुंब' या धड्याचं एक पान डोळ्यांसमोर आणा.

पहिल्या स्वाध्यायात सहा चित्रं आणि सहा वाक्यं आहेत, सूचना 'ओर्डने त्सू'. इथे अर्थ कळणं हेच उत्तर आहे. एकाही वाक्याचं मराठी केलं, तर ती जोडी मुलाने लावलेली राहत नाही. फार अडलं तर पुस्तकाच्या मागची शब्दसूची उघडायला सांगायची, आणि तीही त्यानेच उघडायची.

दुसऱ्यात 'इश ___ इन पुणे' असं वाक्य आणि कंसात 'वोनेन', म्हणजे राहणं. सूचना सांगते, क्रियापदं योग्य रूपात भरा. इथे 'मी पुण्यात राहतो' असं खुशाल सांगावं. अर्थ कंसातच दिलेला आहे. उत्तर आहे ते 'वोनेन'चं 'वोने' करण्यात, आणि त्याबद्दल मराठी वाक्य काही बोलत नाही. गळती होते ती पालक 'इशला शेवटी ए लागतो' असं समजावून सांगतात तेव्हा. 'योग्य रूपात' एवढे दोन शब्द सूचनेत आहेत, तेवढेच ठेवायचे. याच स्वाध्यायात क्रियापदाऐवजी सर्वनाम गाळलेलं असेल आणि 'एर' की 'झी' ते भरायचं असेल, तर मात्र सावध राहायला हवं. जर्मन क्रियापद दोघांनाही तेच चालतं, आपलं नाही. 'येतो' म्हटलं की 'एर', 'येते' म्हटलं की 'झी'. मराठी क्रियापदाने उत्तर सांगूनच टाकलं.

तिसऱ्यात नामांना 'डेर', 'डी', 'डास' लावायचं आहे. मराठीलाही तीन लिंगं असल्यामुळे पालकांना हा स्वाध्याय आपल्या अंगणातला वाटतो, आणि 'ती खुर्ची, ते दार' असं सांगायचा मोह होतो. इथे गळते ती बहुधा चुकीची उत्तरं. जर्मनमध्ये खुर्ची पुल्लिंगी, दार स्त्रीलिंगी, खिडकी नपुंसकलिंगी, सूर्य स्त्रीलिंगी, आणि मुलगी, म्हणजे 'मेडशेन', चक्क नपुंसकलिंगी. पुस्तक आणि घर दोन्हीकडे नपुंसकलिंगी निघतात. अशा एक-दोन जुळण्यांमुळेच मुलाचा मराठीवर भलता विश्वास बसतो. नामाचा अर्थ सांगायचाच तर 'तो-ती-ते' न लावता, नुसतं 'खुर्ची' म्हणून थांबावं.

चौथा स्वाध्याय सगळ्यांत नाजूक. 'झी' या एका उच्चाराचे जर्मनमध्ये तीन अर्थ होतात: ती, ते सगळे, आणि आदरार्थी आपण. सूचना विचारते, प्रत्येक वाक्यात कोणता 'झी' आहे? क्रियापदाचं रूप आणि वाक्याच्या मधलं मोठं अक्षर यांवरून मुलाने ते ओळखायचं असतं. इथे कुठल्याही वाक्याचं मराठी करणं म्हणजे सरळ उत्तर हातात देणं. फक्त सूचना सांगायची आणि गप्प बसायचं.

सूचनेतल्या काही गोष्टी मात्र गाळून चालत नाही. दोन शब्द उरतील, एकाहून अधिक उत्तरं चालतील, तीन ते पाच वाक्यं लिही, असं पुस्तकानेच म्हटलेलं असतं. ते मुलापर्यंत पोचलं नाही, तर उरलेले दोन शब्द कुठेतरी कोंबण्यात त्याची अर्धी संध्याकाळ जाते. 'आख्टे आउफ' म्हणजे 'याकडे लक्ष दे'. तो पुस्तकाने दिलेला इशारा आहे, जेवढा लिहिलाय तेवढाच द्यायचा.

सूचना समजली का हे पाहायला सोडवून दाखवलेलं पहिलं उदाहरण पुरतं. त्याचं भाषांतर करू नका. "यांनी इथे काय केलंय, ते मला मराठीत सांग," असं मुलालाच विचारा. "कंसातला शब्द बदलून मधे घातलाय," असं त्याने सांगितलं की पुढचं त्याचं तो करेल. मुलाला सांगता आलं नाही, किंवा उदाहरणच दिलेलं नसेल आणि सूचनेचे दोन अर्थ निघत असतील, तर अंदाजाने पान भरू नये. त्या स्वाध्यायापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढावं आणि उद्या बाईंना काय विचारायचं ते मुलालाच समासात लिहू द्यावं.

दहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी ग्योटे इन्स्टिट्यूटची, म्हणजे आपल्या मॅक्स म्युलर भवनची, 'फिट इन डॉइच' ही परीक्षा असते, आणि तिथे सूचना जर्मनमध्येच असतात. शाळेच्या पुस्तकात फिरून फिरून येणारी आज्ञार्थी क्रियापदं पंधरा-वीसच्या वर क्वचित जातात. ती वहीच्या शेवटच्या पानावर मराठी अर्थासह मुलाच्या अक्षरात लिहून ठेवावीत, आणि जे क्रियापद न बघता ओळखता येईल त्याचा मराठी अर्थ खोडायला सांगावा. खोडण्यासाठी फुली चालेल.