हातउसने पैसे परत मिळेनात? वकिलाची नोटीस पाठवा, पण आधी तारीख बघा

मित्र अडचणीत असतो, आपण पैसे देतो. कागद नाही, व्याज नाही, ‘जमेल तेव्हा दे’ एवढंच बोलणं. मग ‘पुढच्या महिन्यात नक्की’ ऐकता ऐकता वर्षं निघून जातात आणि शेवटी विषय वकिलाच्या नोटिशीवर येतो. या नोटिशीने नेमकं काय होतं आणि काय होत नाही? एका काल्पनिक व्यवहारातून समजून घेऊ.

पुण्यातल्या एका तरुणाने १२ मार्च २०२३ रोजी मित्राच्या खात्यावर २ लाख रुपये पाठवले. मित्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये २० हजार परत केले. त्यानंतर फोन उचलणं बंद. बाकी राहिले १ लाख ८० हजार.

नोटीस पाठवली की मुदत वाढते का?

नाही. सर्वात मोठा गैरसमज हाच आहे. मुदत कायदा, १९६३ नुसार परतफेडीची तारीख न ठरवता दिलेल्या उसन्या पैशांसाठी ३ वर्षांत दावा दाखल करावा लागतो. ही ३ वर्षं पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजतात, मागितल्याच्या दिवसापासून नाही. म्हणजे वरच्या उदाहरणात दाव्याची मुदत १२ मार्च २०२६ रोजी संपते. त्याआधी आठवडाभर नोटीस पाठवून त्यात १५ दिवसांची मुदत दिली, तर उत्तराची वाट बघण्यातच दावा मुदतबाह्य होईल.

मुदत संपण्याआधी मित्राने ‘एवढं देणं बाकी आहे’ असं लिहून सही केली, तर त्या दिवसापासून नवी ३ वर्षं सुरू होतात. थोडी रक्कम परत केली तरी हा फायदा मिळू शकतो, पण ती दिल्याची नोंद मित्राच्या अक्षरात किंवा सहीनिशी असावी लागते. नुसत्या बँक एंट्रीवर किंवा व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर कोर्टात वाद होऊ शकतो. त्यामुळे पहिलीच तारीख धरून चालणं सुरक्षित.

मग नोटीस कशासाठी?

खासगी व्यक्तीविरुद्ध पैसे वसुलीचा दावा लावण्याआधी नोटीस देणं सक्तीचं नाही. तरी तिचा एक ठोस उपयोग आहे, तो म्हणजे व्याज. व्याज ठरलेलंच नसेल, तर २०२३ पासून १२ टक्के लावून मागणी करण्याला आधार नसतो. मात्र व्याज कायदा, १९७८ नुसार ‘अमुक तारखेपासून व्याज मागणार’ असं लेखी कळवलं, तर त्या तारखेपासून व्याज देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. समजा ६ टक्के दर धरला, तर १ लाख ८० हजारांवर महिन्याला ९०० रुपये होतात. नोटिशीत व्याजाची ओळच नसेल, तर हा आधार हातचा जातो.

नोटिशीत काय लिहायचं?

पैसे दिल्याची तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक, परत आलेले २० हजार, बाकी रक्कम आणि ती देण्याची मुदत. परत मिळालेली रक्कम लपवली, तर पुढे कोर्टात आपलाच शब्द खोटा पडतो.

‘उसने’ हा शब्द स्पष्ट हवा. बँक स्टेटमेंटवरून पैसे गेले एवढंच सिद्ध होतं, ते कर्ज होतं हे नाही. ‘ती तर धंद्यातली गुंतवणूक होती’ किंवा ‘मदत म्हणून दिले होते’ असं उत्तर हमखास येतं. म्हणून ‘तुझे पैसे दिवाळीनंतर देतो’ यासारखे मेसेज मोबाइलमधून डिलीट करू नका. ते कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. फक्त स्क्रीनशॉटची प्रिंट पुरत नाही.

‘फसवणुकीच्या गुन्ह्यात आत टाकू’ ही धमकी टाळावी. पैसे न फेडणं म्हणजे आपोआप फसवणूक नव्हे. पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू होता, हे दाखवावं लागतं.

चेक बाउन्स झाला असेल तर?

तिथे नोटीस सक्तीची आहे. चेक न वटल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची. ती मिळाल्यापासून पैसे देण्यासाठी मित्राला १५ दिवस मिळतात. तरीही पैसे आले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार करायची.

नोटीस घेतलीच नाही तर?

योग्य पत्त्यावर पोस्टाने पाठवलेली नोटीस ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आली, तरी ती बजावली गेली असं सहसा धरलं जातं. तो पाकीट न फोडता तसाच जपून ठेवावा.

उदाहरणातल्या तरुणाने २० जानेवारी २०२६ रोजी नोटीस पाठवली आणि ती २३ तारखेला पोहोचली, तर १५ दिवसांची मुदत ७ फेब्रुवारीला संपते. दावा तयार करायला साधारण ५ आठवडे उरतात. मुदत संपत आली असेल, तर नोटिशीच्या उत्तराची वाट न बघता आधी दावा दाखल करणं शहाणपणाचं.